मैत्रिणीच्या मुलांना काय लिहू?

"माझी जिवलग मैत्रीण २००३ साली स्तनाच्या कॅन्सरने गेली. ती ३६ वर्षांची होती, मुलगी सातची, मुलगा तीनचा. दोन वर्षांनी तिच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, मंडळी नाशिकला गेली आणि आमचा संबंध तुटला. आता मुलगी २९ची आहे आणि नोकरीसाठी पुण्यातच आली आहे असं कळलं. मुलगा २५चा. १९८५ ते ८८ आम्ही दोघी नारायण पेठेत कॉट बेसिसवर एका खोलीत राहायचो. त्या मुलांना त्यांच्या आईबद्दल लिहावं असं फार वाटतं, पण मसुदा लिहिते आणि फाडून टाकते. इतक्या वर्षांनी हे बरं दिसेल का? वडिलांना आधी विचारावं का? कॉलेजात तिचं एका मुलावर प्रेम होतं, ते सांगावं का? आणि शेवटच्या महिन्यांत तिला भेटायला जायचा मला धीर झाला नाही, त्याची माफी मुलांकडे कशी मागू? मसुदा आणि माझी टिपणं सोबत जोडली आहेत."
– एक मैत्रीण, कोथरूड

जरूर लिहा. पण आधी मसुद्याबद्दल बोलू, कारण घोडं तिथेच अडलंय. परवानगी, प्रेमप्रकरण, माफी यांची उत्तरं त्यामानानं सोपी आहेत.

तुमच्या मसुद्याची पहिली ओळ अशी आहे: 'तुमची आई अतिशय हुशार, हसतमुख आणि सगळ्यांच्या मदतीला धावून जाणारी होती.' यातला एकही शब्द खोटा नसेल. पण ही ओळ पुण्यातल्या कुठल्याही शोकसभेत, कुणाच्याही फोटोपुढे वाचता येईल. आणि ही मुलं गेली बावीस वर्षं हेच ऐकत आली असणार. आत्याकडून, शेजारच्या काकूंकडून, लग्नकार्यात भेटलेल्या लांबच्या नातेवाइकांकडून. 'फार गुणी होती गं तुझी आई' म्हणायचं, डोक्यावरून हात फिरवायचा आणि पंगतीकडे वळायचं. त्यापुढे मुलांनी काय विचारायचं?

तुमच्याकडे काय आहे ते जरा मोजून बघा. टिपणांत तिच्या लग्नाचं साल १९९४ आहे. म्हणजे नवऱ्याला ती माहीत आहे ती सत्तावीस वर्षांची झाल्यानंतरची. सासरच्यांनी सून पाहिली, मग आजारी सून पाहिली. मुलीनं जी आई पाहिली ती सात वर्षांच्या पोरीच्या उंचीवरून. अठरा ते एकवीस या वयातली, घरून पैसे येईपर्यंत महिनाअखेर रेटणारी, मेसच्या भाजीला नावं ठेवणारी मुलगी तुमच्याइतक्या जवळून पाहिलेलं माणूस त्या घरात बहुतेक कुणी नाही. माहेरचेसुद्धा तिला सुट्टीतच भेटत होते.

आणि आज ती मुलं आपल्या आईच्या तरुणपणाच्या वयात आहेत. मुलगी २९ची आहे, म्हणजे १९९६ साली ती जन्मली तेव्हा तिची आई होती त्या वयाची. ज्यांचे आईवडील अकाली जातात त्यांच्यापैकी पुष्कळांच्या डोक्यात ते गेले त्या वयाचा आकडा बसलेला असतो, आणि आपण त्याच्याकडे चाललो आहोत हे त्यांना न मोजताही कळत असतं. सातव्या वर्षी हवी असलेली आई वेगळी आणि तिशीच्या उंबरठ्यावर हवी असलेली वेगळी. म्हणून 'इतक्या वर्षांनी' ही तुमची चिंता मला उलटीच वाटते. २००४ साली तुम्ही हे पत्र पाठवलं असतंत तर ते कुठल्या तरी फायलीत गेलं असतं.

टोनी वॉल्टर नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं १९९६ साली एक लेख लिहिला होता. गेलेल्या माणसाला मनातून सोडून द्या आणि पुढे चला, असं त्या वेळी शोकाच्या अभ्यासात बरंच प्रचलित होतं. त्याचं म्हणणं वेगळं होतं. मागे राहिलेल्यांना त्या माणसाची एक टिकाऊ गोष्ट रचावी लागते, आणि ती रचली जाते त्याला ओळखणाऱ्यांशी बोलून. यात घरच्यांइतकीच बाहेरची माणसं लागतात, कारण प्रत्येकानं पाहिलेला माणूस थोडा निराळा असतो. तुम्ही बाहेरचं माणूस आहात. तुमचं काम एवढंच की तुमच्याकडचा तुकडा त्यांच्या हाती द्यायचा. संपूर्ण आईचं चित्र काढायला बसाल तर पुन्हा 'हुशार आणि हसतमुख'वरच येऊन थांबाल.

आता हा तुकडा कसा लिहायचा ते तुमच्याच टिपणांवरून दाखवते. दुसऱ्या पानावर एक ओळ आहे: 'पुरुषोत्तमला लाइट्स करायची, एकदा तिच्यामुळे एकांकिका वाचली.' यावरून मी तुम्हाला फोन करून बराच छळ केला. ती कुठे बसली होती? तुम्ही कुठे होता? नेमकं काय बिघडलं? तिनं हातानं काय केलं? नंतर काय म्हणाली? काय खाल्लं? तुम्ही आधी म्हणालात, 'अहो, एवढं कुठलं आठवायला,' आणि पुढची वीसेक मिनिटं बोलत होतात. त्यातून मी हे उतरवून घेतलं आहे:

'भरत नाट्य मंदिरात आमच्या एकांकिकेची प्राथमिक फेरी होती. बाहेर दुसऱ्या कॉलेजची पोरं आव्वाज कुणाचा म्हणून बोंबलत होती. तुझी आई विंगेत स्टुलावर, डिमरशेजारी. अंगात माझा निळा स्वेटर, कारण पावसाळ्यात तिचे कपडे वाळले नव्हते. निम्मी एकांकिका झाल्यावर आमचा नायक ब्लँक झाला. नुसता उभा. मी पडद्याच्या दोरीपाशी होते, माझ्या पोटात गोळा आला. तिनं कुणाकडे बघितलं नाही. पुढचे सगळे लाइट हळूहळू खाली घेतले आणि मागचा निळा तेवढा ठेवला. त्यामुळे त्याची नुसती आकृती दिसायला लागली आणि प्रेक्षकांना वाटलं हे असंच बसवलंय. तेवढ्यात त्याला वाक्य आठवलं. प्रयोगानंतर तो आभार मानायला आला तर म्हणाली, तुझ्यासाठी नाही केलं, तुझं तोंड लोकांना दिसू नये म्हणून केलं. मग बाहेर येऊन तिनं दोन वडापाव खाल्ले. खाताना तिचे हात थरथरत होते ते मला दिसलं, पण मी बोलले नाही.'

यात हुशार हा शब्द नाही, मदतीला धावून जाणारीही नाही. मुलगी वाचेल आणि तिचं ती ठरवेल. कदाचित तिला त्या फटकळ उत्तरात स्वतःचं बोलणं ऐकू येईल. कदाचित मुलगाही संकटात शांत राहत असेल आणि नंतर त्याचे हात थरथरत असतील. आपल्यातलं काय कुठून आलं हे ज्याला विचारायला माणूस नाही, त्याला असा एखादा धागा फार मोलाचा वाटतो. तो कुठल्या वाक्यात असेल ते तुम्हाला आधी कळणार नाही. म्हणून तपशील गाळू नका. स्वेटर राहू दे, वडापावही राहू दे. 'यावरून तिचा स्वभाव कळतो' असलं शेपूट मात्र लावू नका.

एक अडचण आहे. एका पानावर ही एकांकिका १९८६ची आहे आणि दुसऱ्या पानावर १९८७ची. असं होणारच. आठवण दर वेळी सांगताना नव्यानं रचली जाते, कोपरे घासले जातात, दोन प्रसंगांचा एक होतो. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञानं १९३२ सालीच हे प्रयोगांतून दाखवलं होतं, तेव्हा तुमच्या वयाला दोष देऊ नका. पण मुलांकडे पडताळा घ्यायला दुसरं काहीच नाही. तुम्ही जे लिहाल ते त्यांच्यासाठी कायमचं खरं होणार. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या दिसू द्या: हे मी डोळ्यांनी पाहिलं, हे तिनं मला सांगितलं, हे मी दुसऱ्याकडून ऐकलं. सालाची खात्री नसेल तर 'एसवायला होतो की टीवायला, ते आता आठवत नाही' असं सरळ लिहा. एखादा फोटो असेल तर त्याची मागची बाजू बघा. स्टुडिओचा शिक्का किंवा पेनानं टाकलेली तारीख पुष्कळदा सापडते. संवाद शब्दशः आठवत नसेल तर अवतरणचिन्हं घालू नका.

दुसरी गोष्ट तुम्ही टिपणांत लिहून वर काट मारली आहे. ती मला सगळ्यांत आवडली. लूनाची. तिनं न विचारता तुमची लूना नेली, पेट्रोल संपलं, आणि ही बाई गाडी अलका चौकात एका दुकानापुढे लावून चालत घरी आली, वर तुम्हाला दुसऱ्या दिवशीपर्यंत सांगितलंच नाही. तुमचं कडाक्याचं भांडण झालं. एकाच खोलीत राहून अबोला धरलात, मालकीणबाईंच्या मध्यस्थीनं निरोप देवाणघेवाण. सॉरी ती कधीच म्हणाली नाही. पण पुढे महिनाभर लूनात पेट्रोल आपोआप भरलेलं असायचं.

ही काट पुसून टाका. गेलेली आई घरात हळूहळू देव्हाऱ्यात जाते. मुलांना तिच्यावर रागावता येत नाही, तिची चेष्टा करता येत नाही, आणि आपण तिच्यासारखे आहोत असं म्हणायचीही चोरी, कारण ती इतकी चांगली आणि आपण असे. माफी न मागता पेट्रोल भरणारी बाई त्यांना ओळखीची वाटेल. मात्र असा दोषाचा प्रसंग निवडताना एक बघा: आज तो सांगताना तुम्हाला हसू येतं का? येत असेल तर लिहा. अजून राग येत असेल तर तो हिशोब तुमचा तुमच्यापाशी ठेवा.

आता मुलांकडे वळू. दोघांना मिळून एक पत्र लिहू नका, दोन लिहा. मोठेपणी माणसाला ज्या सर्वांत जुन्या आठवणी सांगता येतात त्या साधारणपणे तीन-साडेतीन वर्षांच्या वयाच्या असतात, आणि त्याही तुटक. म्हणजे मुलीकडे आईच्या स्वतःच्या आठवणी आहेत. मुलाकडे बहुधा एकही नाही, असल्या तर फोटो बघून आणि ताईचं ऐकून तयार झालेल्या. एकच मजकूर दोघांना दोन प्रकारे लागेल. मुलीला 'तू लहान होतीस, तुला काय आठवणार' असं लिहू नका. तिला जे आठवतं तेवढीच तिची इस्टेट आहे. तुमचं आणि तिचं जुळलं नाही तर तिचं खोडून काढायला जाऊ नका. मुलाला 'तुला आठवत असेल' असं लिहू नका. आठवत नाही याची बोच त्याला आधीच असेल.

मुलासाठी तुमच्याकडे एक प्रसंग आहे आणि तुम्ही तो चौथ्या पानाच्या तळाशी, एका वाक्यात टाकून दिलाय. त्याच्या बारशाला तुम्ही कराडला गेला होता. बायका पाळण्याभोवती नावाचा घोळ घालत होत्या, आणि ती त्याला मांडीवर घेऊन एकटीच माडीवर जाऊन बसली होती, 'जरा याच्याशी ओळख करून घेते' म्हणाली होती. त्याच्या पत्राची सुरुवात इथून करा. लाइट्स आणि लूना त्याच्यासाठीही आहेत, पण ती बाई त्याच्या जन्माआधीची आहे. या प्रसंगात तो स्वतः आहे. आई आपल्याला ओळखत होती याचा पुरावा त्याला ताईकडून मिळालेला नसेल, कारण ती तेव्हा चार वर्षांची होती.

पत्रात मैत्रिणीचा उल्लेख तिच्या नावानं करा, तुम्ही जी हाक मारायचात तीही सांगा. 'तुझी आई' अधूनमधून चालेल. पण 'तुमची खरी आई' किंवा 'सख्खी आई' असं चुकूनही नको. नाशिकच्या घरात जी बाई आहे तिनं वीस वर्षं डबे दिलेत, परीक्षा काढल्यात, तापात रात्री जागवल्यात. मुलगा तर तिलाच आई म्हणत असणार. तिला कमी लेखणारा एक शब्द पत्रात आला तर मुलांना बाजू घ्यावी लागेल, आणि ती तुमची नसेल. तिच्याबद्दल तुम्हाला काहीच माहिती नाही, तेव्हा चांगलंही लिहायला जाऊ नका. 'मावशी' अशी सहीही सुरुवातीला करू नका. तो मान मुलांनी द्यायचा असतो. आपलं नाव लिहा.

आता काय लिहायचं नाही ते.

प्रेमप्रकरण लिहायचं नाही. तुम्हाला वाटतंय हे लपवणं म्हणजे खोटेपणा. तसं नाही. तो मुलगा आज साठीला आलेला कुणाचा तरी नवरा, कुणाचा तरी बाप असेल. मुलांचे वडीलही हयात आहेत. ती गोष्ट या सगळ्यांची आहे आणि जिची सर्वांत जास्त आहे तिनं ती मुलांना सांगावी की नाही हे ठरवायची वेळच आली नाही. पुढे कधी ओळख वाढल्यावर मुलीनं स्वतःहून विचारलं की आईचं लग्नाआधी कुणी होतं का, तर खोटं बोलू नका. होतं, कॉलेजात होतं, तिनंच ते संपवलं, इतकं पुरे. नाव नाही.

माफीही लिहायची नाही. हे तुम्हाला आवडणार नाही, पण ऐका. मुलांना आईच्या गोष्टी मिळायच्या पत्रात तुम्ही त्यांच्यापुढे तुमचं ओझं ठेवलंत तर त्यांना तुमचं सांत्वन करावं लागेल. संस्कारी मुलं असतील तर करतीलही: 'नाही हो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.' आणि मग पत्र त्यांचं राहणार नाही. शिवाय ती माफी त्यांच्या हातातली नाहीच. मुलीनं विचारलं, 'शेवटी तुम्ही होता का?' तर सरळ सांगा: 'नव्हते. मला तिला तसं बघायचा धीर झाला नाही.' विचारल्यावर दिलेलं उत्तर आणि न विचारता केलेली कबुली यांत बराच फरक आहे. माफीचं जे लिहायचंय ते वेगळ्या कागदावर, तिच्या नावानं लिहा. ते पोस्टात टाकायची गरज नाही.

तिसरी बाब वेगळ्या जातीची आहे. टिपणांत तुम्ही ओघात लिहिलंय की मैत्रिणीची सख्खी मावशीही तरुणपणीच याच आजारानं गेली होती. ही आठवण म्हणून पत्रात घालू नका, पण गिळूनही टाकू नका. आईला पस्तिशीत स्तनाचा कॅन्सर झाला आणि आईच्या माहेरच्या नात्यात आणखी एकीला तरुणपणी झाला होता, ही माहिती डॉक्टरांच्या दृष्टीनं महत्त्वाची असते. अशा घरांत जनुकीय सल्ला घ्यायला सुचवतात, कारण काही दोष पिढीतून पुढे येतात आणि ते मुलग्यांकडेही येऊ शकतात. त्याचा अर्थ मुलीला आजार होणार असा मुळीच नाही. कदाचित तिला हे माहीतही असेल. पण माहेरचे संबंध सुटलेले असतील तर नाशिकच्या घरात मावशीचं कुणालाच ठाऊक नसेल. आधी ओळख होऊ दे, एकदोन भेटी होऊ देत, आणि मग समोरासमोर, साध्या शब्दांत सांगा: 'हे तुझ्या डॉक्टरांना माहीत असावं.' आणखी वर्षभर संकोचात घालवू नका. मुलीनं ओळख वाढवलीच नाही, तर मात्र हे एवढं दोन ओळींत लिहून वडिलांना कळवा. तिथे संकोचाला जागा नाही.

वडिलांची परवानगी लागत नाही. मुलं सज्ञान आहेत, आणि परवानगी मागितलीत तर त्या गृहस्थांना हो किंवा नाही म्हणायच्या पेचात टाकाल. पण त्यांच्यापासून लपवायचंही नाही. यातून मार्ग असा की पहिल्याच निरोपात त्यांचं नाव घ्या.

हा पहिला निरोप म्हणजे पत्र नव्हे. सकाळी मीटिंगच्या आधी फोन उघडला आणि मेलेल्या आईबद्दल तीन पानं समोर आली, असं कुणाचं होऊ नये. फोटो तर मुळीच जोडू नका. तिनं कधीच न पाहिलेला वीस वर्षांच्या आईचा हसरा चेहरा पीएमपीच्या बसमध्ये उभ्याउभ्या समोर यायला नको. शिवाय हल्ली अनोळखी माणसानं घरच्यांची नावं घेतली की आधी फसवणुकीचाच संशय येतो, आणि तो यायलाही हवा. म्हणून निरोप छोटा, पडताळता येईल असा, आणि नको म्हणायला जागा ठेवणारा असू द्या. मी असा लिहीन:

'नमस्कार. मी (तुमचं नाव), कोथरूडला राहते. तुझी आई (तिचं नाव, माहेरच्या आडनावासकट) आणि मी १९८५ ते ८८ नारायण पेठेत एका खोलीत राहायचो. कराडला तिच्या घरीही मी जायचे. तुझे बाबा मला ओळखतात, खात्री करायची असेल तर त्यांना जरूर विचार. तिच्या त्या दिवसांतल्या काही गोष्टी मी लिहून ठेवल्या आहेत, थोडे फोटो आहेत. तुला हवं असेल तेव्हा पाठवीन. आत्ता नको असेल किंवा कधीच नको असेल तरी चालेल, उत्तर द्यायलाच हवं असंही नाही. माझा नंबर खाली देते.'

हा मुलीला आधी पाठवा. मुलासाठीही पत्र आहे हे तिला कळवा, पण त्याला निरोप देण्याचं काम तिच्यावर टाकू नका. तिला कळून आठवडाभर झाला की त्याला स्वतंत्र लिहा. एकाला हवं आणि दुसऱ्याला नको असं होऊ शकतं. इन्स्टाग्रामवर पाठवणार असाल तर एक लक्षात घ्या: ती तुम्हाला फॉलो करत नसेल तर तुमचा निरोप मेसेज रिक्वेस्टमध्ये जाऊन पडतो आणि महिनोन् महिने दिसत नाही. म्हणजे शांततेचा अर्थ नकार असेलच असं नाही. तिच्या फोटोखाली सगळ्यांदेखत मात्र काही लिहू नका. ओळखीतून नंबर मिळाला तर व्हॉट्सअॅप बरं. दोनेक महिन्यांत काही आलं नाही तर दुसऱ्या मार्गानं एकदाच आठवण करा, आणि मग थांबा. तिच्या तिथीला, पितृपक्षात किंवा मदर्स डेला पाठवू नका. ते दिवस आधीच भरलेले असतात. एखादा साधा शनिवार निवडा.

होकार आला की मग खरं पत्र. ते हातानं लिहा किंवा छापून द्या, पण कागदावर द्या, कारण ते पुन्हा पुन्हा काढून वाचलं जाणार. पहिल्या पत्रात दोनतीन प्रसंग पुरेत. उरलेले ती विचारेल तसे. मैत्रिणीनं तुम्हाला पाठवलेली अंतर्देशीय पत्रं तुमच्याकडे आहेत असं लिहिलंय. ती द्यायच्या आधी प्रत्येक पत्र स्वतः वाचा, त्यांत कॉलेजातल्या त्या मुलाचा विषय असणारच. जी निर्धोक आहेत त्यांची मूळ पत्रं मुलांना द्या आणि झेरॉक्स तुम्ही ठेवा. अक्षर खरंखुरं, निळ्या शाईचं असेल तर त्यांना त्याचं मोल जास्त.

राहता राहिली टिपणांत उल्लेख असलेली, तिचा आवाज असलेली तालमीची कॅसेट. मुलासाठी हीच सर्वांत मोठी वस्तू ठरेल, कारण आईचा आवाज त्याला ठाऊक नाही. म्हणूनच ती घाईनं जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये घालून 'चालते का' बघू नका. अनेक वर्षं पडून असलेल्या यंत्राचा रबरी पट्टा सैल झालेला असतो आणि ते टेप गिळून टाकतं. आधी उजेडात धरून खिडकीतून टेपची गुंडाळी बघा. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या कॅसेटवर पुष्कळदा पांढरट बुरशी येते. ती दिसली तर वाजवूच नका, कॅसेट साफ करून डिजिटल करणाऱ्या माणसाकडे न्या. स्वच्छ दिसली तरी त्याच्याकडेच न्या, आणि आवाज सुधारायच्या नादात काही कापू नका, जसं आहे तसं उतरवून द्या असं त्याला सांगा. फाइल मिळाली की आधी स्वतः पूर्ण ऐका, आणि मुलाला पाठवायच्या आधी त्याला विचारा. लाइट्सच्या तालमीची कॅसेट आहे, तेव्हा तीवर बऱ्याच शिव्या असतील, आणि टिपणांवरून दिसतं की त्यांतल्या निम्म्या तुमच्या मैत्रिणीच्याच असाव्यात. त्याही राहू द्या.